कोणता प्रसंग ठेवायचा, हे कोण ठरवणार?

आपल्यातला कुणी स्वतःच्या आयुष्यावर लेख लिहायला बसला की लेख हमखास लांबतो. संपादकाने १८०० शब्द मागितलेले असतात आणि आपले ४००० होतात. मग कापायची वेळ आली की आपण चिडतो. पिढ्यान्पिढ्या आम्हाला बोलू दिलं नाही, आता बोलतोय तर म्हणे शब्दमर्यादा! यातलं कापायचं तरी काय? सगळंच खरं आहे, सगळंच घडलेलं आहे.

हा राग मला ठाऊक आहे, कारण तो मी स्वतः केला आहे. पण आज मी त्याच्या विरोधात लिहितो आहे. माझं म्हणणं असं की लांब लेख कापणं ही शरणागती नव्हे. आपण कापला नाही तर दुसरा कुणी कापतो, आणि तो त्याच्या प्रश्नाप्रमाणे कापतो. कोणता प्रसंग ठेवायचा हा निर्णय ज्याच्या हातात, त्याचाच तो लेख होतो.

काही वर्षांपूर्वी एका अंकासाठी मी आमच्या आडनावावर लेख लिहिला. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात आमच्या वस्त्यांवर हल्ले झाले. माझे वडील तेव्हा तालुक्याच्या गावी नोकरीला नुकतेच लागले होते. पुढच्या वर्षी त्यांनी आडनाव बदललं. जुनं आडनाव ऐकताच जात कळायची. नवं गावाच्या नावावरून केलेलं, शेवटी 'कर' लावलेलं, कुणाचंही असू शकेल असं. राजपत्रात नाव छापून आलं आणि आम्ही भावंडं त्या नव्या नावानेच जन्माला आलो. मी चाळिशीत ते जुनं आडनाव पुन्हा लावायचं ठरवलं, आणि त्यावर लेख लिहायला घेतला.

लेख झाला ४२०० शब्दांचा. त्यात नऊ प्रसंग होते. आजी १९५६ साली नागपूरला दीक्षेला गेली तो प्रवास. वडिलांनी नाव बदललं तो काळ. शाळेत शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचली गेली तो दिवस. वसतिगृहातलं जेवण. शहरात भाड्याची खोली मिळाली आणि गेली. दुसरी खोली दारातच नाकारली गेली. ऑफिसात एकाने मूळ गाव, कुलदैवत विचारत विचारत जात काढली. जात पडताळणीच्या वेळी झालेली धावपळ. आणि शेवटी, जुनं आडनाव लावतो म्हणालो तेव्हा वडील काय बोलले ते.

संपादकांनी तो १८०० शब्दांत बसवून परत पाठवला. त्यांनी वसतिगृह ठेवलं, दोन्ही खोल्या ठेवल्या, ऑफिस ठेवलं, शाळेची यादी ठेवली. काढलं काय? वडिलांनी नाव का बदललं ते, पडताळणी आणि वडिलांचं शेवटचं बोलणं. फोनवर ते म्हणाले, "वाचक हलला पाहिजे हो." माणूस वाईट नव्हता. भाषाही त्यांनी नीट केली होती. पण लेख आता आडनावाचा राहिलाच नव्हता. एका दलित माणसाला कुठे कुठे अपमान सोसावा लागला, त्याची ती यादी झाली होती. वडील गेले, त्यांचं डोकं गेलं, त्यांचा निर्णय गेला. उरला फक्त मार खाणारा मुलगा.

मी आठ दिवसांची मुदत मागितली आणि स्वतः कापायला बसलो. आणि तिथे मला पहिली लाज वाटली ती स्वतःचीच. कारण संपादकांनी चुकीचा प्रश्न धरला, हे खरं. पण मी तरी कोणता दिला होता? माझ्या लेखाच्या पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं, 'जात खरंच गेली आहे का?' या प्रश्नाला कोणताही प्रसंग चालतो. वसतिगृह चालतं, ऑफिस चालतं, आजी चालते, उद्या बसमध्ये काही घडलं तर तेही चालतं. शिवाय उत्तर लिहिणाऱ्यालाही ठाऊक आणि वाचणाऱ्यालाही. लेख लांबतो तो अनुभव जास्त आहेत म्हणून नव्हे, प्रश्न फार रुंद आहे म्हणून. रुंद प्रश्नाच्या लेखात कुठलाच प्रसंग गैरलागू ठरत नाही, आणि म्हणून कुठलाच कापता येत नाही.

तेव्हा पहिलं काम प्रसंगांना हात न लावता करायचं. प्रश्न एका वाक्यात लिहायचा, आणि त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं दोन्ही बाजूंनी येऊ शकतं का, ते बघायचं. मी लिहिला तो असा: वडिलांनी बदललेल्या आडनावाने मला जातीपासून वाचवलं का? याचं उत्तर मला खरोखर ठाऊक नव्हतं. इथून पुढे लेख सुरू झाला.

दुसरं काम चिठ्ठ्यांचं. दर प्रसंगाला एक चिठ्ठी. तिच्यावर दोनच ओळी. पहिली ओळ, काय घडलं. दुसरी ओळ, हे वाचल्यावर वाचकाला त्या प्रश्नाबद्दल असं काय कळलं जे आधी ठाऊक नव्हतं. पहिली ओळ कुणालाही लिहिता येते. कस लागतो तो दुसऱ्या ओळीला.

आजीची चिठ्ठी घेतली. प्रसंग ७०० शब्दांचा, लेखातला सगळ्यात लांब आणि मला सगळ्यात प्रिय. दुसरी ओळ सुचेना. मग मी जोडू लागलो: आजीने धम्म घेतला, म्हणून घरात स्वाभिमान आला, म्हणून वडिलांच्या निर्णयात एक द्वंद्व आलं, म्हणून... तीन वेळा 'म्हणून' आला तेव्हा थांबलो. प्रसंग प्रश्नाला जोडायला एका वाक्यापेक्षा जास्त लागत असेल, तर तो जोडलेला नसतो, बांधलेला असतो. आजी काढली. एका फटक्यात ७०० शब्द गेले आणि लेखाला काही झालं नाही. दुःख झालं ते मला.

वसतिगृहाची चिठ्ठी. तो प्रसंग लेखातला सगळ्यात बोचरा होता. अळ्या निघालेली डाळ, आणि तक्रार केल्यावर मिळालेलं उत्तर. पण वसतिगृहच मागासवर्गीय मुलांचं. तिथे प्रत्येकाची जात नोंदवहीतच होती. आडनाव कोणतं का असेना, डाळ तीच. म्हणजे माझ्या प्रश्नाबद्दल तो प्रसंग काहीच बोलत नव्हता. दुसरी ओळ कोरी. ४५० शब्द बाहेर.

इथे माझा एक तरुण मित्र माझ्यावर उखडला. म्हणाला, "दादा, हा तर अन्याय लपवणं झालं. त्या डाळीचं कुणी लिहायचं?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. माझं उत्तर असं की त्या डाळीला आडनावाच्या लेखात घालणं हाच तिच्यावरचा अन्याय. तिथे ती फक्त वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणायला उभी राहते. पैसा कुठे जातो, कंत्राट कुणाला मिळतं, तक्रारवही कुणाच्या कपाटात असते, हे विचारायचं तर त्याला स्वतंत्र लेख लागतो, आणि तो लेख आडनावाचा नसतो. काढलेला प्रसंग फाडायचा नाही. वेगळ्या कागदावर ठेवायचा आणि वर त्याचा प्रश्न लिहायचा. माझ्याकडे आज अशी एक फाइल आहे.

आता तिसरी गोष्ट, जिथे बहुतेक जण फसतात. दोन चिठ्ठ्यांवर दुसरी ओळ एकच आली, तर काय करायचं? दारात नाकारलेली खोली आणि ऑफिसातला तो चौकस माणूस, दोन्हींची दुसरी ओळ होती: आडनावावरून जात कळली नाही तर लोक दुसरे प्रश्न विचारून काढतात. प्रसंग वेगळे, माणसं वेगळी, पण वाचकाला दुसऱ्यांदा काही नवं कळत नाही. लिहिणाऱ्याला वाटतं दोनदा सांगितलं की पुरावा दुप्पट होतो. वाचक मात्र दुसऱ्या वेळी 'हो, कळलं' म्हणून पानं उलटतो. मी दोन्ही काढले आणि 'मूळ गाव कुठलं, कुलदैवत कोणतं' हे दोन प्रश्न पहिल्या खोलीच्या प्रसंगात मालकाच्या तोंडी नव्हे, तर माझ्या निवेदनात एका ओळीत आणले.

पहिली खोली का राहिली? तिची दुसरी ओळ निराळी होती. तिथे मालकाने आडनाव ऐकलं आणि लगेच किल्ली दिली. सामान लावताना भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो टांगला. आठवड्याने निरोप आला की पुतण्याला खोली हवी आहे. म्हणजे आडनावाने दार उघडलं, पण ते उघडं ठेवायचं तर फोटो ट्रंकेत ठेवावा लागला असता. ही गोष्ट दुसरा कोणताही प्रसंग सांगत नव्हता. संपादकांच्या लेखी दोन्ही खोल्या सारख्याच होत्या, दोन्हीकडे नकार. प्रश्न हातात असला की कळतं, त्या सारख्या नाहीत.

शाळेची यादी आणि पडताळणी यांचंही असंच. दोन्हींत कागद जात सांगतो. पण पडताळणीत त्यापुढचं आहे. अनुसूचित जातीचा दावा सिद्ध करायचा तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे आजोबांच्या शाळेची नोंद. तिच्यावर जुनं आडनाव, माझ्या दाखल्यावर नवं, आणि मधला दुवा म्हणजे वडिलांनी जपलेला राजपत्राचा पिवळा पडलेला कागद. जे नाव लपवायला वडिलांनी एवढी खटपट केली, तेच हक्क मागताना मला स्वतःच्या हाताने काढून टेबलावर ठेवावं लागलं. शाळेच्या यादीत दुसरे माझी जात सांगतात, इथे ती मीच सिद्ध करतो. मोठ्या प्रसंगाच्या पोटात लहान मावत होता. पडताळणी राहिली, यादी एका वाक्यावर आली.

ही पद्धत माझी नाही. बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटं आत्मकथनपर लेखन या नजरेने पुन्हा वाचून बघा. त्यांच्यापुढे प्रश्न नेमका आहे: अस्पृश्यता शेजारी राहून न पाहिलेल्या परदेशी माणसाला ती चालते कशी, हे कसं समजेल? त्यासाठी ते सर्वसाधारण वर्णन न करता प्रसंग निवडतात. पहिले चार त्यांच्याभोवती घडलेले. १९०१ साली लहानपणी मसूर स्टेशनावरून कोरेगावला जाताना बैलगाडी आणि पाणी मिळेना तो. परदेशात शिकून आल्यावर बडोद्यात पारशी धर्मशाळेतून निघावं लागलं तो. १९२९ मध्ये चाळीसगावला टांग्याचा अपघात झाला तो. १९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्यावरून गोंधळ झाला तो.

वरवर बघता चारही अपमानाचे. पण दुसरी ओळ लिहून बघा. मसूरला गाडीवाला दुप्पट भाडं मिळूनही गाडी हाकायला तयार नाही, म्हणजे पैशाने हे सुटत नाही. बडोद्यात कळतं की परदेशी पदव्यांनीही सुटत नाही, आणि हिंदूला जो अस्पृश्य तो पारशालाही अस्पृश्य. दौलताबादला तेच मुसलमानाच्या बाबतीत. चाळीसगावला तर उलटंच. टांगेवाला अस्पृश्य उतारूचा टांगा हाकणार नाही, आणि पाहुण्याने पायी जावं हे वस्तीतल्या लोकांना मानाला शोभेना, म्हणून ज्याला हाकता येत नाही अशा आपल्याच माणसाने टांगा हाकला. इजा बाबासाहेबांना झाली, पण तिथे हात उगारणारा शत्रू कुणीच नाही. प्रत्येक प्रसंग आधीच्यापेक्षा एक पाऊल पुढे जातो. शेवटचे दोन तर त्यांचे स्वतःचे नाहीतच, ते इतरांवर गुदरलेले आहेत. प्रश्नाला हवे होते म्हणून आत्मकथनात दुसऱ्यांचे अनुभव आले.

आणि काय नाही तेही बघा. चवदार तळ्याचा सत्याग्रह तिथे स्वतंत्र प्रसंग म्हणून येत नाही. त्यांच्या आयुष्यातला केवढा मोठा दिवस! पण तो 'आम्ही लढलो कसे' या प्रश्नाचा प्रसंग आहे, 'अस्पृश्यता चालते कशी' याचा नाही. शाळेत बसायला स्वतःचं तरटाचं बसकर न्यावं लागायचं, न्हावी केस कापत नसे, हे येतं, पण मसूरच्या प्रसंगाला जोडून, थोडक्यात. एवढं सगळं आधीच ठाऊक असूनही तो प्रवास मनाला का लागला, हे सांगण्यापुरतं. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त होतं, त्यांनी सहा प्रसंगांत काम भागवलं.

पुन्हा माझ्या टेबलाकडे येतो. राहिलेल्या चिठ्ठ्या मांडल्या. वडिलांचा निर्णय, पहिली खोली, पडताळणी, वडिलांचं उत्तर. दुसऱ्या ओळी ओळीने वाचल्या आणि लक्षात आलं की पहिल्या तीनमधली एकही चिठ्ठी 'हो, आडनावाने वाचवलं' असं म्हणत नाही. मग मी प्रश्न तरी का विचारला? ज्या प्रश्नाचे सगळे प्रसंग एकाच बाजूला उभे असतात, तो प्रश्न नसतो, घोषणा असते.

खरं म्हणजे दुसऱ्या बाजूचा प्रसंग माझ्याकडे होता. मी तो लिहिलाच नव्हता. कॉलेजच्या पहिल्या वर्षी चार मित्र माझ्यासमोर 'त्या लोकांना' काय काय फुकट मिळतं यावर तासभर हसत होते. मी त्यांच्यातलाच असं त्यांनी आडनावावरून धरलं होतं. मी गप्प बसलो. चहा संपवला. त्या वर्षी मला कुणी काही म्हणालं नाही, अभ्यास नीट झाला, मित्र मिळाले. आडनावाने त्या दिवशी मला वाचवलं, आणि ज्यांच्यावर ते हसत होते त्यांच्यातून मला बाहेरही काढलं. लेख ४२०० शब्दांचा असताना हे लपवायला भरपूर जागा होती. नऊ प्रसंगांच्या गर्दीत दहावा, स्वतःच्या गप्प बसण्याचा, कुणाच्या लक्षात येत नाही. कापल्यावर ती जागा रिकामी दिसली. ते ३०० शब्द मी नव्याने लिहिले.

वडिलांचं उत्तर आता शेवटी नीट बसलं. मी जुनं आडनाव लावतो म्हणालो तेव्हा ते इतकंच म्हणाले होते, "लाव की. मी ते तेव्हा लावलं नाही, म्हणून तुला आज लावायची हिंमत आहे." माझ्या बाजूचं हे वाक्य नाही. ते माझ्या निर्णयालाच प्रश्न विचारतं. संपादकांनी ते काढलं, कारण त्यांच्या लेखी ते अन्यायाची धार बोथट करत होतं. माझ्या प्रश्नाला मात्र तेच उत्तराच्या सगळ्यात जवळ नेत होतं.

शेवटचा हिशेब सांगतो. वडिलांचा निर्णय ४००, कॉलेजचा चहा ३००, खोली ३५०, पडताळणी ३५०, वडिलांचं उत्तर २५०. झाले १६५०. उरलेल्या दीडशे शब्दांत सुरुवात, एक-दोन सांधे आणि शाळेच्या यादीचं ते वाक्य. मग एक रात्र ठेवून पुन्हा वाचलं, कारण प्रसंग काढले की त्यांच्या खुणा मागे राहतात. 'आजी म्हणायची तसं' असं एका ठिकाणी राहिलं होतं, पण लेखात आजीच नव्हती. 'पुन्हा एकदा खोली गेली' यातलं 'पुन्हा' आता खोटं झालं होतं. हे बारीक दिसतं, पण वाचकाला इथेच कळतं की काहीतरी कापलं आहे.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. दुसरी ओळ लिहायची सवय लागली की माणूस प्रसंगही तेवढाच लिहू लागतो, नुसता मुद्दा सिद्ध करण्यापुरता. मग किल्ली देणारा मालक माणूस राहत नाही, मुद्दा होतो. म्हणून चिठ्ठी फक्त निवडीसाठी. निवड झाली की ती बाजूला ठेवायची आणि राहिलेल्या प्रसंगात किल्लीचा दोरा, राजपत्राचा पिवळेपणा, चहाचा कप राहू द्यायचा. कापायचे ते प्रसंग. राहिलेल्या प्रसंगाला उपाशी ठेवायचं नाही.

संपादकांनी दुसरी आवृत्ती कानामात्रा न बदलता छापली. याचं कारण त्यांचं मन बदललं असं मी म्हणणार नाही. कारण साधं आहे. प्रश्न पहिल्याच परिच्छेदात होता आणि प्रत्येक प्रसंग त्याला बांधील होता, त्यामुळे एक काढला तर बाकीचे उघडे पडले असते. त्यांना कापायला जागाच राहिली नव्हती.

तेव्हा मित्रहो, लेख पाठवण्याआधी चिठ्ठ्या करा. आपल्या वेदनेची निवड दुसऱ्याकडे सोपवू नका. त्याला आपल्यातला रडणारा माणूस हवा असतो, विचार करणारा नको असतो. आणि एवढं करूनही सगळ्या चिठ्ठ्या आपल्याच बाजूने बोलताना दिसल्या, तर न लिहिलेला प्रसंग शोधा. तो असतोच.

जय भीम.